जबाबाचं इंग्रजी करताना

तुझा मसुदा वाचला. बाई बोलल्या होत्या, "दिवेलागणीला दिरानं मला काठीनं मारलं, जाताना ‘बघून घेईन’ म्हणाला." तू लिहिलंस की संध्याकाळी सात वाजता ब्रदर-इन-लॉनं ‘असॉल्ट’ केला आणि जिवे मारण्याची धमकी दिली. सात वाजता हे त्या बोललेल्याच नाहीत. उलटतपासणीत वकील नेमकं तेच धरतो, आणि खोट्या त्या ठरतात. ‘अराउंड डस्क’ लिही.

ब्रदर-इन-लॉमध्ये दीर, मेहुणा, साडू सगळेच बसतात. म्हणून ‘माय हजबंड्स ब्रदर’. ‘असॉल्ट’ हा कायद्यानं काढायचा निष्कर्ष आहे, आपण ‘स्ट्रक मी विथ अ स्टिक’ एवढंच लिहावं. काठी कुठे लागली, किती वेळा, हे त्यांनी सांगितलं असेल तरच पुढे जोड.

‘बघून घेईन’ला मात्र हात लावू नकोस. मूळ शब्द अवतरणात ठेव, शेजारी ‘आय विल डील विथ यू’ असा शब्दशः जवळचा अर्थ दे. ती धमकी होती का, हे कोर्ट ठरवेल.

सही घेण्याआधी इंग्रजी मजकूर बाईंना मराठीत वाचून दाखव. त्या "असं नव्हे" म्हणाल्या, तर तिथेच दुरुस्त कर.