राखाडी चौकोन आणि रिकामे चौकोन

«आयपीए, म्हणजे जगभरच्या भाषांतले ध्वनी लिहायची आंतरराष्ट्रीय चिन्हपद्धती. तिच्या व्यंजनतक्त्यात काही चौकोन राखाडी रंगवलेत आणि काही नुसतेच पांढरे सोडलेत. चिन्ह दोन्हीकडे नाही. मग फरक काय? पांढरा म्हणजे असा उच्चार कुणी करत नाही, एवढंच का?»

नाही. राखाडी रंग माणसाच्या घशा-तोंडाबद्दल बोलतो, पांढरी जागा आपल्या नोंदींबद्दल. आणि पांढऱ्या जागेतला उच्चार कित्येकदा कुणाच्या तरी रोजच्या बोलण्यात असतो.

आधी राखाडी. तक्त्यात आडवी ओळ उच्चाराच्या पद्धतीची, उभा स्तंभ उच्चाराच्या जागेचा. अनुनासिकांची ओळ घ्या. 'म्‌म्‌म्' असं लांबवत नाक चिमटीत धरा, आवाज तिथेच कोंडतो. ओठ बंद होते, हवा नाकावाटे जात होती, ती वाटही तुम्ही बंद केलीत. म्हणजे अनुनासिकाला दोन गोष्टी लागतात: तोंडात कुठेतरी पक्का अडसर आणि नाकाकडे उघडी वाट. ही वाट पडजिभेच्या मागून वर जाते. म, न, ण, ञ, ङ असे मागे मागे सरकत अगदी पडजिभेपर्यंत आपण अडसर नेऊ शकतो, आणि तक्त्यात तिथवर चिन्हं आहेतही. त्याखाली, घशात किंवा स्वरतंतूंवर, अडसर घातला तर हवा नाकाच्या वाटेपर्यंत पोचतच नाही. म्हणून ते दोन चौकोन राखाडी. ('म्ह' आणि 'न्ह' आठवून कुणी हरकत घेईल. पण त्यांतला अडसर ओठांवर आणि दातांमागे असतो, 'ह'च्या जागी नव्हे.)

स्वरतंतूंच्या स्तंभात स्पर्शाचा, म्हणजे हवा पूर्ण अडवून केलेल्या 'प', 'त'सारख्या उच्चाराचा, चौकोन तर अर्धाच रंगवलाय. तक्त्यातल्या चौकोनाची डावी बाजू अघोषाची, म्हणजे स्वरतंतू न थरथरता होणाऱ्या ध्वनीची, उजवी घोषाची, म्हणजे ते थरथरून होणाऱ्या ध्वनीची. स्वरतंतू घट्ट मिटून हवा अडवली की डावीकडचा ध्वनी मिळतो. उजवीकडच्यासाठी तेच तंतू मिटलेले असतानाच थरथरायला हवेत. मिटलेले आहेत तर थरथरणार कसे? इथे शरीर कमी पडतंय असं नाही, मागणीच परस्परविरोधी आहे.

सगळे राखाडी चौकोन मात्र इतके ठाम नाहीत. पार्श्विकांच्या ओळीत, म्हणजे 'ल'च्या जातीत, ओठांचे चौकोन राखाडी आहेत. पण ओठ मध्ये मिटून एका कोपऱ्यातून फुंकर मारता येतेच की! पार्श्विक म्हणजे जिभेच्या बाजूंनी हवा सोडणं अशी व्याख्या धरली, तरच तो चौकोन अशक्य ठरतो. तक्त्याखालच्या टिपेतले शब्दही मराठीत 'अशक्य मानलेले उच्चार' असेच येतील. 'मानलेले' हा शब्द माझ्या मते जाणूनबुजून घातलाय.

आता पांढऱ्या जागा. सगळ्यात फसव्या आहेत त्या 'म', 'न'च्या डावीकडच्या, अघोष अनुनासिकांच्या. म्यानमारच्या ब्रह्मी भाषेत साधा 'म' आणि अघोष 'म' यांनी शब्दाचा अर्थ बदलतो. तरी चौकोनाची डावी बाजू रिकामीच, कारण 'म'च्या चिन्हाखाली छोटं वर्तुळ काढलं की काम भागतं. वेगळं चिन्ह लागतच नाही.

दुसरं उदाहरण दंतोष्ठ्य ताडित ध्वनीचं. खालचा ओठ वरच्या दातांमागे ओढून घ्यायचा आणि तो पुढे येताना दातांना झटकन चाटून जाऊ द्यायचा. मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषांत हा ध्वनी आहे, पण तक्त्यातली त्याची जागा 2005 पर्यंत रिकामी होती. त्या वर्षी आकडीवाला ⱱ तिथे बसला. चौकोन राखाडी नसल्यामुळे काहीही पुसावं लागलं नाही.

आणि तोडा. निलगिरीतल्या या भाषेचे बोलणारे जेमतेम हजार-दोन हजार, पण कंपित, म्हणजे जिभेचं टोक थरथरवून काढलेले, 'र' तीन: एक पुढचा, एक वर्त्स्य, म्हणजे वरच्या दातांमागच्या हिरडीवरचा, आणि एक मूर्धन्य, म्हणजे 'ट'च्या जागचा. शब्दाच्या शेवटचा 'र' बदलला की शब्दच बदलतो. पीटर लाडेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी सहकाऱ्यासह 1996 मध्ये या कंपितांचा अभ्यास छापला. तक्त्यात मूर्धन्य कंपिताचा चौकोन तरीही रिकामाच आहे. बोलणारे थोडे हे त्याचं एक कारण असेल. मला दुसरं जास्त पटतं. हा 'र' सुरू होताना जीभ 'ट'सारखी मागे वळलेली असते, पण कंप सुरू झाला की टोक पुढे सरकतं. मग याला मूर्धन्य कंपित म्हणायचं, की मूर्धन्य सुरुवातीचा वर्त्स्य कंपित? यावर एकमत होईस्तोवर 'ɽr' अशी जोडचिन्हं वापरून निभतं.

तेव्हा रिकामा चौकोन दिसला की आधी तो उच्चार स्वतः करून बघा. जमला, तर कोणत्या भाषेत तो अर्थ बदलतो का ते शोधा. जमला नाही, तर 'मला जमत नाही' आणि 'कुणालाच जमणार नाही' यांत गल्लत करू नका. 'ळ' न जमणारी माणसंही काही कमी नाहीत.