साठेखत, ताबा आणि मालकाने मध्येच केलेली विक्री

प्रश्न: साठेखत करून प्लॉटचा ताबा घेतलाय, बहुतेक पैसे दिलेत. आता मालक खरेदीखत करून देत नाही आणि दुसऱ्याला विकायची भाषा करतोय. ताबा माझ्याकडे असताना काळजी करायची गरज आहे का?

आहे. साठेखत रजिस्टर आहे की नोटरीचं, ते तुम्ही लिहिलंच नाहीये आणि सगळं त्यावरच अडलेलं असतं.

आमच्याकडे नाशिकला हे घरातच घडलंय. मखमलाबादला एकाच मालकाचे शेजारी-शेजारी दोन एनए प्लॉट, एक मी घेतला, एक दाजींनी. भाव तोच, १४ लाख, त्यातले १२ साठेखताच्या वेळी दिले, ताबाही त्याच दिवशी. मालकाच्या वडिलांच्या नावावरून वारस नोंद व्हायची होती म्हणून खरेदीखत नंतर, दीड वर्षाची मुदत कागदात लिहिलेली. फरक एवढाच की मी साठेखत दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलं आणि दाजींनी नोटरी करून आणलं. ताबा दिलेलं साठेखत म्हटलं की महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी खरेदीखतासारखी पूर्ण लागते, नंतर खरेदीखताला ती धरली जाते, पण त्या दिवशी खिशातून जाते ना. दाजी म्हणाले, "ताबा आपल्याकडे आहे, कोण काय करणार? लाखभर रुपये सरकारला आत्ताच कशाला द्यायचे?" आणि वर मला बावळट ठरवलं, सगळ्या पाहुण्यांसमोर.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३अ, १९२९ साली घातलेलं. लेखी करार, मालकाची सही, त्या करारापोटी घेतलेला ताबा, आणि तुम्ही तुमचा भाग पुरा केलेला किंवा करायला तयार, एवढं असेल तर खरेदीखत झालं नसलं तरी मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. पण २४ सप्टेंबर २००१ पासून त्या कराराचं रजिस्ट्रेशन झालेलं असल्याशिवाय हे संरक्षण नाही. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही. आणि संरक्षण असलं तरी ती फक्त ढाल आहे, त्यातून मालकी येत नाही, "मी मालक आहे असं जाहीर करा" असा दावा त्यावर टाकता येत नाही. मालकी हवी तर करारपूर्तीचा, म्हणजे स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा वेगळा लावावा लागतो, तोही करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत, आणि तारीख नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत.

गंगापूर रोडकडचे भाव चढले तसे मालकाचे सूर बदलले. वारस नोंद होऊन गेली तरी "बघू, बघू". मी मुदत संपल्यावर वकिलाची नोटीस पाठवली, त्यात उरलेले दोन लाख तयार आहेत असं स्पष्ट लिहिलं, आणि सीबीएसजवळच्या कोर्टात दावा टाकला. दावा टाकला त्याच आठवड्यात लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस रजिस्टर केली. हे महत्त्वाचं आहे, नीट वाचा. कलम ५२ मूळ कायद्यात असं आहे की दावा चालू असताना पक्षकाराने मिळकत विकली तर घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक, त्याला केस माहीत होती की नव्हती याने फरक पडत नाही. पण आपल्याकडे महाराष्ट्राच्या दुरुस्तीत अट घातली आहे की दाव्याची नोटीस रजिस्टर झाल्यावरच हा परिणाम लागू होतो. नोटीसमध्ये ज्याच्या हक्काचा वाद आहे त्याचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, कोर्ट, दाव्याचं स्वरूप आणि शीर्षक, दाखल तारीख एवढं असतं, मिळकत ज्या हद्दीत त्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. वकील "करू सावकाश" म्हणाला तर मागे लागा.

मनाई हुकमाचा अर्जही केला होता, कारण लिस पेंडन्स विक्री थांबवत नाही, विक्री रद्दही करत नाही, फक्त घेणाऱ्याला निकालाला बांधते. विक्री थांबवायला मनाईच लागते. तारखा पडत गेल्या आणि त्या मधल्या काळात मालकाने माझा प्लॉट एका व्यापाऱ्याला खरेदीखताने विकूनही टाकला. तो गडी फाटकाला स्वतःचं कुलूप घेऊन आला, माझं कुलूप आधीच लावलेलं, कुंपणाला माझ्या नावाची पाटी, आणि हा म्हणतो सातबारा क्लिअर होता. सर्च घेतला असता तर माझं साठेखत आणि नोटीस दोन्ही सापडले असते. कायद्याने रजिस्टर दस्त म्हणजे माहिती असल्यासारखंच, आणि प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे तेसुद्धा माहिती असल्यासारखंच धरतात, त्यामुळे "मला माहीत नव्हतं" चाललं नाही. निकाल असा झाला की मी दोन लाख कोर्टात भरायचे आणि मालक व तो व्यापारी दोघांनी मिळून मला खरेदीखत करून द्यायचं. व्यापाऱ्याने त्याचे पैसे मालकाकडून काढून घ्यायचे, काढले का ते मी विचारलं नाही.

दाजी मात्र या सगळ्या वेळात निवांत. नोटरीच्या साठेखतावरसुद्धा करारपूर्तीचा दावा करता येतो, रजिस्ट्रेशन कायद्याचं कलम ४९ तेवढी वाट ठेवतं, हे मी त्यांना सांगत होतो. "ताबा आहे, कोर्टाची पायरी कशाला." तीन वर्षं उलटली. मग मालकानेच ताबा परत मिळावा म्हणून दावा टाकला. साठेखत रजिस्टर असतं तर मुदत गेली तरी ५३अ चा बचाव जात नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये शामराव सूर्यवंशी प्रकरणात हे सांगितलंय. दाजींकडे ना रजिस्ट्रेशन ना मुदत. त्यात कागद कोर्टात दाखवायला गेले तर स्टॅम्प कमी म्हणून तो अडकवला, बुडवलेली ड्युटी आणि तिच्यावर महिन्याला दोन टक्के दंड भरा म्हणाले. शेवटी मालकाला नव्या भावाच्या हिशोबाने वरचे पैसे मोजून तडजोड केली. आजही बहिणीला सांगतात की वकील चुकीचा मिळाला. वकील नंतर आला हो दाजी, नोटरी आधी झालं होतं.

तर तुम्ही: साठेखत रजिस्टर असेल तर दावा, लिस पेंडन्स नोटीस आणि मनाई अर्ज या महिन्यातच. नोटरीचं असेल तर ५३अ विसरा आणि करारातली तारीख बघा, तीन वर्षं संपायला किती राहिलेत ते मोजा. मालकाने दाव्याआधीच विकलं तर लिस पेंडन्सचा उपयोग नाही, तेव्हा घेणाऱ्याला तुमचा करार माहीत होता का यावर भांडण होतं, आणि तिथे तुमचा ताबा, कुंपण, लाइटबिल कामाला येतं. उरलेले पैसे खात्यात दिसत राहू द्या, "तयार होतो" हे नुसतं तोंडी कोर्ट मानत नाही.

हां, एक राहिलं. साठेखत २४ सप्टेंबर २००१ च्या आधीचं असेल तर रजिस्टर नसलं तरी ५३अ चा बचाव घेता येतो, स्टॅम्पचा प्रश्न तेवढा वेगळा. म्हणून आधी कागदावरची तारीख सांगा.