यमन की भूप?

‘आई, आजी फोनवर दोन सूर ऐकते आणि लगेच सांगते, हा राग यमन, तो भूप. दोन्ही संध्याकाळचे, दोन्हींत ग सारखा येतो. मला ते एकच वाटतात. तिला कसं कळतं?’

प्रिय सई,

तुझ्या खोलीतला कीबोर्ड उघड. तीन काळ्या पट्ट्या एकत्र असतात ना, त्यांतल्या पहिलीला पेटीवाले ‘काळी तीन’ म्हणतात. तिला सा मान आणि पुढे फक्त काळ्याच पट्ट्या वाजवत जा. सा रे ग प ध सां. झाला भूप. आता तिच्याच डावीकडची पांढरी, म्हणजे पांढरी चार, तिला सा धर आणि फक्त पांढऱ्या वाजव. सा रे ग म प ध नी सां. यातला म आपोआप तीव्र, म्हणजे शुद्ध म पेक्षा अर्धा सूर वरचा लागतो, आणि हे यमनचे सूर.

भूपात म आणि नी नाहीतच. पण ‘दोन सूर कमी’ एवढ्यावर थांबू नकोस, कारण आजी काही सूर मोजत बसत नाही. पांढऱ्या पट्ट्यांकडे पुन्हा बघ. दोन जागी शेजारच्या पांढऱ्यांमध्ये काळी पट्टी नाही, म्हणजे तिथे अंतर अर्ध्या सुराचं आहे. त्या जागा कुठल्या? नी आणि सा, तीव्र म आणि प. नी वर थांबलीस की तो सा कडे ओढतो, म वर थांबलीस की तो प कडे. यमनमधली हुरहुर मला तरी तिथेच सापडते. भूपात असं कुठेच नाही. सगळे सूर एकमेकांपासून ऐसपैस उभे, कोणी कोणाला ओढत नाही. म्हणून तो इतका शांत, दिवेलागणीनंतरच्या स्वच्छ अंगणासारखा.

ग तुला सारखा वाटतो हे बरोबरच आहे, तो दोन्हींचा वादी, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा सूर. म्हणून ग ऐकू नकोस, गायक ग पर्यंत कसा पोचतो ते ऐक. यमन गाणारा बहुतेकदा सा सोडून खालच्या नी पासून निघतो: नी रे ग. तिथून वर जातानाही पुष्कळदा प गाळतो: ग म ध नी, मग सां. उतरताना मात्र प वर छान विसावतो: नी ध प, म ग रे, नी रे सा. भूपात सा च्या खाली उतरलं की पहिला भेटतो तो ध: सा ध सा रे ग. आणि वरून परत येताना प वरून थेट ग: प ग, ध प ग, रे सा. म्हणजे सा च्या खाली नी भेटतो का ध, आणि प नंतर म भेटतो का सरळ ग, एवढ्या दोन जागा पकडल्यास की काम झालं. आजीला बहुधा पहिली जागाच पुरते.

प ग ही जागा दिसते तितकी सोपी नाही बरं. मी शिकत असताना भूपात प वरून ग वर मींड घ्यायची होती. सूर सलग घसरवत आणायचा म्हणजे वाटेत तीव्र म लागतोच की, असं मला वाटलं आणि मी त्यावर क्षणभर रेंगाळले. बाईंनी पेटी थांबवली. ‘हा शुद्ध कल्याण झाला,’ म्हणाल्या. त्या रागात चढताना भूपाचेच सूर असतात, पण उतरताना मींडेतून म आणि नी डोकावतात. तेव्हापासून मी भूप गाताना प आणि ग या दोन टोकांवरच लक्ष ठेवते आणि मधून हलकेच येते. कीबोर्डवर मींड निघतच नाही, म्हणून ही चूक तुला तिथे दिसणार नाही. ती गळ्यानेच करून बघावी लागेल.

ऐकायला किशोरीताई आमोणकरांचा भूप घे, ‘सहेला रे’. त्याआधीचा आलाप असेल तर तो सोडू नकोस. ग वर त्या किती वेळ राहतात ते बघ, घाई अजिबात नाही.

आणि एक. आजीने कधी सकाळी हेच पाच सूर गायले आणि ग ऐवजी ध वर जोर दिला, गाणं वरच्या सुरांत फिरत राहिलं, तर भूप म्हणू नकोस. तो देशकार. सूर तेच, पण घर वेगळं. रविवारी फोन करशील तेव्हा तिला आधी भूप आणि मग देशकार गायला सांग, एकापाठोपाठ. मीही तुझ्याबरोबर ऐकेन.

तुझी आई