शेअर सारखे, खरेदी वेगळी: लाभांश आणि रिबेटचा हिशोब

प्रश्न: आमच्या ग्राहक सहकारी संस्थेत माझे आणि शेजाऱ्यांचे शेअर दहा-दहा हजारांचे आहेत. तरी लाभांश त्यांना जास्त मिळाला आणि रिबेट मला. असं कसं?

उत्तर:

बहुतेक हिशोब बरोबरच असेल. वर्षअखेरीस शेअर किती होते एवढंच पाहून लाभांश काढत नाहीत. रक्कम संस्थेकडे किती महिने होती, हेही त्यात धरतात. समजा तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला 5,000 भरले होते आणि उरलेले 5,000 सहा महिन्यांनी भरले. मग पहिल्या रकमेचे बारा महिने आणि दुसरीचे सहा. 5,000 गुणिले 12 म्हणजे 60,000, आणि 5,000 गुणिले 6 म्हणजे 30,000. बेरजेला 12 ने भागलं की 7,500 येतात, म्हणजे वर्षभराच्या सरासरीने तुमचं भांडवल एवढंच. लाभांश 8 टक्के असेल तर तुम्हाला 600 रुपये मिळतील. शेजाऱ्यांचे पूर्ण दहा हजार वर्षभर संस्थेत होते, त्यांना 800. महिन्याच्या मधेच भरलेली रक्कम कधीपासून धरायची, हे मात्र पोटनियमात पाहावं लागतं.

यात फक्त भागभांडवल येतं. मुदत ठेव किंवा बचत ठेव असेल तर तिच्यावरचं व्याज हा संस्थेचा खर्च असतो आणि तो नफा काढण्याआधीच वजा झालेला असतो. ठेवही शेअरच्या बेरजेत धरली तर त्याच पैशावर दोनदा मोबदला जातो. पासबुकात दोन्ही रकमा 'जमा' म्हणूनच दिसतात, त्यामुळे ही चूक सहज होते.

रिबेटचा आधार वेगळा आहे. तुम्ही संस्थेकडून जो माल घेतला त्यावर तुमच्याकडून थोडे जास्त पैसे घेतले गेले होते, ते वर्षाच्या शेवटी परत येतात. म्हणून रिबेट खरेदीच्या प्रमाणात. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी आणि कारागिरांनी काढलेल्या दुकानातही भांडवलावर मर्यादित व्याज आणि उरलेला वाढावा खरेदीच्या प्रमाणात, हाच क्रम होता.

आता आकडे मांडतो. राखीव निधी वगैरे बाजूला काढून वाटपासाठी 90,000 उरले आहेत. सगळ्या सभासदांचं सरासरी भांडवल 4,00,000 आहे, त्यावर 8 टक्क्यांनी लाभांश 32,000. उरले 58,000. सभासदांची एकूण खरेदी 29,00,000 असेल तर रिबेटचा दर बरोबर 2 टक्के. तुमची बिलं 72,000 ची, त्यातला 4,000 चा माल परत केलेला, म्हणजे 68,000 वर 1,360 रुपये. शेजाऱ्यांची खरेदी 35,000, त्यांना 700. दोन्ही मिळून तुम्हाला 1,960 आणि त्यांना 1,500.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा: भागाकाराखाली कोणती खरेदी घेतली आहे? दुकानात सभासद नसलेलेही येत असतील आणि त्यांनी 7,25,000 ची खरेदी केली असेल, तर ती चुकून धरल्यास भाजक 36,25,000 होतो आणि दर 1.6 टक्क्यांवर येतो. तुमच्या हातात 1,360 ऐवजी 1,088 पडतात. ही चूक ओळखायला सोपी आहे. वाटपाच्या यादीतल्या सगळ्या रिबेटची बेरीज मागा. ती 58,000 च्या जवळ यायला हवी, इथे ती 46,400 च भरेल. उलट बाजूही बघा. बिगरसभासदांच्या खरेदीतून आलेला नफा सभासदांमध्ये रिबेट म्हणून वाटला जात असेल तर दर फुगतो. माझ्या मते तो पैसा राखीव निधीत किंवा सर्वांच्या उपयोगाच्या कामात जायला हवा, कारण तो सभासदांकडून जादा घेतलेला नव्हताच.

आणि खरा निर्णय लाभांशाच्या दराचा असतो. वार्षिक सभेत कुणी म्हणालं की 8 ऐवजी 12 टक्के द्या, तर ऐकायला सगळ्यांच्याच फायद्याचं वाटतं. पण वाटायचे पैसे तेच 90,000 आहेत. लाभांश 48,000 होतो, रिबेटला 42,000 उरतात आणि दर 1.44 टक्क्यांपर्यंत घसरतो. दर नेहमी खालच्या बाजूला पूर्णांकित करतात, नाहीतर वाटप शिल्लक रकमेच्या पुढे जातं. तुम्हाला लाभांश 900 आणि रिबेट 979, एकूण 1,879, म्हणजे 81 रुपये कमी. शेजाऱ्यांना 1,200 आणि 504, एकूण 1,704, म्हणजे 204 रुपये जास्त. रोज दुकानातून माल नेणाऱ्यांकडून तो पैसा भांडवल ठेवणाऱ्यांकडे सरकला. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी कायदा किंवा पोटनियम लाभांशाला कमाल मर्यादा घालतात. तुमच्या संस्थेच्या पोटनियमात ती किती आहे ते सभेआधी बघून ठेवा आणि दर मांडला गेला की त्यासोबत रिबेटचा दर किती होतो हेही तिथेच विचारा.