डेअरीसाठी यमक असलेली टॅगलाईन

प्रश्न: गावातल्या डेअरीसाठी ‘शुद्ध दुधाचा सुवास, ग्राहकांचा विश्वास’ ही ओळ बोलायला बरी वाटते का?

यमक जुळतंय पण ‘सुवास’ काढाच, कारण दुधाला वास येतोय म्हटलं की ते नासलं असंच घरात समजतात आणि अगरबत्तीची जाहिरात वाटते ती वेगळीच. म्हशीचं दूध असेल तर ‘दुधावर दाट साय, आणखी हवं काय!’ बघा, दोन्ही तुकडे सारख्याच लांबीचे आहेत, एका दमात म्हणता येतात. गाईचं असेल तर मात्र नको, तिची साय पातळ येते. मग ‘पहाटेची धार, सातला तुमचं दार’ चालेल. आता कागद न दाखवता कुणाला तरी फोनवर एकदाच ऐकवा, त्याने परत म्हणताना जो शब्द बदलला तिथेच ओळ अडखळतेय.