निकष वेगळा, कारक वेगळा

प्रश्न : प्रकल्प व्यवस्थापनावरच्या आमच्या मराठी अहवालात 'सक्सेस क्रायटेरिया' आणि 'सक्सेस फॅक्टर्स' दोन्हींना 'यशाचे निकष' लिहिलंय. चालेल का? आणि 'आयर्न ट्रँगल'ला 'पोलादी त्रिकोण' म्हणावं का?

नाही चालणार. निकष म्हणजे मुळात सराफाचा कसोटीचा दगड. त्यावर सोनं घासून रेघ ओढायची आणि तिचा रंग बघून कस ठरवायचा. दगड सोनं पारखतो, घडवत नाही. क्रायटेरिया म्हणजे हा दगड. फॅक्टर्स म्हणजे भट्टी, फुंकणी आणि सोनाराचा हात. त्यांना 'यशाचे कारक' म्हणा, 'घटक'ही चालेल. ओळखायची खूण सोपी आहे : काम संपल्यावर 'झालं का?' असं विचारता येतं तो निकष, सुरू करताना 'आहे का?' असं विचारावं लागतं तो कारक.

नव्या सहस्रकाच्या स्वागताच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या लंडनच्या मिलेनियम डोम या घुमटाचंच घ्या. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र चुकवून चालणारच नव्हतं, आणि ती चुकली नाही. घुमट वेळेत उभा राहिला, राणीच्या हस्ते उद्घाटन झालं. पण सगळा हिशेब वर्षभरात १ कोटी २० लाख लोक येतील या अंदाजावर बांधलेला, आणि आले सुमारे ६५ लाख. लॉटरीच्या निधीतून पुन्हा पुन्हा पैसे ओतावे लागले. बांधणाऱ्याच्या दगडावर रेघ पिवळीधमक उमटली, चालवणाऱ्याच्या दगडावर फिकी. इतकं मोठं प्रेक्षणीय स्थळ चालवण्याचा अनुभव असलेली माणसं सुरुवातीपासून पुरेशी नव्हती, हा इथे हुकलेला कारक. गंमत म्हणजे तोच घुमट २००७ पासून ओटू अरीना या नावाचं कार्यक्रमांचं सभागृह म्हणून गर्दी खेचतोय. म्हणून अहवालात नुसतं 'निकष' लिहू नका, कुणाचा आणि कधी लावायचा तेही लिहा.

आता त्रिकोण. वेळ, खर्च आणि दर्जा (काही जण दर्जाच्या जागी कामाची व्याप्ती धरतात) अशा तीन बाजूंचा प्रकल्पाचा हा त्रिकोण ब्रिटिश अभियंते मार्टिन बार्न्स यांनी १९६९ च्या सुमारास मांडला. एक बाजू ओढली की उरलेल्या दोन हलतात. मुदत महिनाभर अलीकडे आणली तर जादा माणसं लावा, नाहीतर काम कमी करा. 'पोलादी' म्हटलं की मराठी कानाला भक्कमपणा, कौतुक ऐकू येतं. इथे अर्थ जखडलेपणाचा आहे, म्हणून मला 'लोखंडी त्रिकोण' बरा वाटतो. (अमेरिकी राजकारणातला याच नावाचा त्रिकोण निराळा, तिथे संसदीय समित्या, नोकरशाही आणि हितसंबंधी गट असतात.)

जाता जाता, आपल्या बातम्यांमधलं 'काम यशस्वीरीत्या पूर्ण' हेही मला खटकतं. फीत कापली त्या दिवशी काम 'पूर्ण' झालं एवढंच कळतं. डोमची फीत कापली तेव्हा ते ६५ लाख अजून यायचे होते.