प्रसंगाच्या परिच्छेदातून गीत लिहिताना

तुम्ही पाठवलेला परिच्छेद असा आहे: गुडघा निकामी झालेला तरुण मल्ल पहाटे, कोणी उठण्यापूर्वी, कोल्हापूरची तालीम सोडून निघतो. तुमच्या मसुद्यात पहाट, रिकामा हौदा आणि पायाची दुखापत आली आहे. परंतु हे सारे कॅमेरा दाखवणारच असल्यामुळे गीताने तेच पुन्हा सांगण्याचे कारण नाही. नवोदितांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे.

परिच्छेद पुन्हा वाचा आणि तो न विचारता का निघतो, हे शोधा. माझ्या मते त्याला दुःखापेक्षा वस्तादांसमोर उभे राहण्याची लाज अधिक आहे, आणि ते एका वाक्यात लिहून ठेवल्यावरच मुखडा धरावा:

माती अंगाची झटकू कशी,
वस्ताद, पाठ ही दावू कशी

दोन्ही ओळी सतरा मात्रांच्या आहेत, त्यामुळे संगीतकाराला चाल बांधणे सोपे जाते. ‘पाठ दावणे’ हे निघून जाणेही आहे आणि पळ काढणेही. त्याची लाज तेथेच उघडी पडते. ‘नियती’, ‘वेदना’ असे शब्द या मल्लाच्या तोंडी मला खोटे वाटतात.

अंतऱ्यात मनःस्थिती थोडी तरी सरकली पाहिजे: पहिल्यात तो स्वतःला दोष देईल, दुसऱ्यात वस्तादांनी शिकवलेला एखादा डाव आठवून त्याचे पाऊल अडखळेल. मात्र वस्ताद त्याला क्षमा करतात, हे पुढच्या दृश्यात घडणार असेल, तर त्याची चाहूलही गीतात येऊ देऊ नका. त्या क्षणी त्याला ते ठाऊक नाही.